शेंगदाणा चटणीची नवी लाइन: विक्री आणि दर बदलले की एनपीव्ही किती हलतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोणत्या प्रकल्पाचं उदाहरण घेतलं आहे?

एनपीव्ही म्हणजे पुढच्या वर्षांतली रोकड डिस्काउंट रेटने आजच्या किमतीत आणून त्यातून गुंतवणूक वजा केल्यावर उरणारी रक्कम. ती समजायला सोलापुरात सुटी शेंगदाणा चटणी विकणाऱ्या एका छोट्या कारखान्याचा नमुना घेतला आहे. आता त्याला २०० ग्रॅमच्या छापील पाकिटांची लाइन टाकायची आहे. आकडे हिशेब समजावेत म्हणून धरलेले आहेत, त्यामुळे तुमच्या प्रकल्पात ते जसेच्या तसे वापरू नका.

भाजणी, कुटण्याचं यंत्र, पाकीटबंद करण्याचं मशीन आणि शेडची दुरुस्ती मिळून ४० लाख रुपये खर्च आहे. वर्षाला २,००,००० पाकिटं विकली जातील आणि कारखान्याच्या हातात पाकिटामागे ६० रुपये येतील, असा अंदाज आहे. शेंगदाणे, मिरची, लसूण, पाकिटाची फिल्म, मजुरी, वाहतूक हा पाकिटागणिक लागणारा बदलता खर्च ४२ रुपये आहे. पर्यवेक्षकाचा पगार, भाडं, विजेचा स्थिर आकार, विक्री प्रतिनिधी असा वर्षाचा स्थिर खर्च १६ लाख आहे. प्रकल्पाची मुदत ५ वर्षं, कर २५ टक्के आणि डिस्काउंट रेट १४ टक्के. वार्षिक विक्रीच्या १० टक्के रक्कम खेळतं भांडवल म्हणून सुरुवातीला अडकते आणि पाचव्या वर्षाअखेर परत येते.

मूळ एनपीव्ही किती येतो?

पाकिटामागे ६० वजा ४२ म्हणजे १८ रुपये सुटतात. दोन लाख पाकिटांचे ३६ लाख झाले. त्यातून १६ लाख स्थिर खर्च गेला की २० लाख उरतात. घसारा वर्षाला ८ लाख धरला तर करपात्र नफा १२ लाख आणि कर ३ लाख. घसारा खिशातून जात नाही, म्हणून हातात राहणारी रोकड २० वजा ३, म्हणजे १७ लाख.

१४ टक्क्यांनी पाच वर्षांचा वर्तमान मूल्य गुणक ३.४३३ आहे. १७ लाखांना त्याने गुणलं की ५८.३६ लाख होतात. १२ लाख खेळतं भांडवल पाच वर्षं अडकून राहतं, त्याची किंमत ५.७७ लाख. ५८.३६ मधून ४० आणि ५.७७ वजा केले की एनपीव्ही १२.६ लाख येतो. यंत्राची शेवटची भंगार किंमत शून्य धरली आहे.

एक खुलासा करायला हवा. घसारा इथे पाच वर्षांत सारखा वाटला आहे. आयकरात सर्वसाधारण यंत्रसामग्रीला घटत्या शिल्लक पद्धतीने १५ टक्के मिळतो, म्हणून प्रत्यक्ष फाइलमध्ये तसाच लावा. त्याने खालच्या तक्त्यातली प्रत्येक चौकट सारख्याच रकमेने सरकते. दोन चौकटींमधला फरक तसाच राहतो.

‘दर’ म्हणजे एमआरपी धरायची का?

नाही. या विश्लेषणातली सगळ्यात महागडी चूक इथेच होते. गणितात कारखान्याच्या हातात पडणारा दर घ्यायचा. एमआरपी ८० रुपये आणि त्यात ५ टक्के जीएसटी धरला, तर कराविना ७६.१९ रुपये राहतात. दुकानदाराचे १५ टक्के गेले की ६४.७६. डिस्ट्रिब्युटरचे ७ टक्के गेले की ६०.२३. तक्त्यातले ६० रुपये तिथून आले आहेत. तुमच्या मालाचं वर्गीकरण आणि जीएसटीचा दर सीएकडून पक्का करून घ्या, कारण तो चुकला तर पहिल्याच पायरीला सगळं गणित बिघडतं.

एमआरपी कायम ठेवूनही हातातला दर घसरू शकतो. डिस्ट्रिब्युटरने मार्जिन ७ वरून १० टक्के मागितलं तर दर ५८.२९ वर येतो. पाकिटावर काहीच बदललेलं दिसत नाही, पण कारखान्याचे जवळपास दोन रुपये गेलेले असतात.

विक्री आणि दर एकेक करून बदलले तर काय होतं?

आधी दर ६० वर धरून फक्त विक्री हलवा. विक्री १० टक्क्यांनी घटली, १,८०,००० झाली, तरी एनपीव्ही ३.९ लाख राहतो. २० टक्क्यांनी घटली तर उणे ४.८ लाख.

मग विक्री दोन लाखांवर धरून फक्त दर हलवा. दर ५ टक्क्यांनी उतरून ५७ झाला की एनपीव्ही उणे २.६ लाख. १० टक्क्यांनी उतरून ५४ झाला की उणे १७.७ लाख.

एनपीव्ही नेमका शून्यावर येण्यासाठी विक्री १,७१,००० पर्यंत, म्हणजे १४.५ टक्क्यांनी घसरावी लागते. दर मात्र ५७.५१ वर, म्हणजे अवघ्या ४.२ टक्क्यांनी उतरला की पुरे. हे दोन आकडे कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढच्या बहुतेक चर्चा त्यांच्याभोवतीच फिरतात.

दराचा फटका विक्रीपेक्षा इतका मोठा का?

दर १ टक्क्याने, म्हणजे ६० पैशांनी उतरला, तर दोन लाख पाकिटांवर वर्षाला १.२० लाख रुपये जातात. खर्चात त्याच्या बदल्यात काहीच वाचत नाही, कारण शेंगदाणे, फिल्म, मजुरी सगळं तेवढंच लागतं. विक्री १ टक्क्याने, म्हणजे २,००० पाकिटांनी घटली, तर त्या पाकिटांचा बदलता खर्चही वाचतो. बुडतात ते पाकिटामागचे १८ रुपये, म्हणजे एकूण ३६,०००.

६० भागिले १८ म्हणजे ३.३. दर विक्रीपेक्षा साधारण साडेतीन पट संवेदनशील दिसतो तो याच गुणोत्तरामुळे. उरलेला थोडा फरक खेळत्या भांडवलाचा आहे. म्हणून पाकिटामागे सुटणारी रक्कम जितकी पातळ, तितका दराचा धोका मोठा. पाकिटामागे ६० पैकी ४५ रुपये सुटणाऱ्या मालात हे गुणोत्तर १.३ वर येईल आणि दोन्ही धोके जवळपास सारखे वाटतील.

मग विक्रीची काळजी कमी करायची का?

मुळीच नाही. संवेदनशीलता फक्त उतार सांगते: एक टक्का हलल्यावर एनपीव्ही किती हलेल. ते हलण्याची शक्यता किती, हे ती सांगत नाही. डिस्ट्रिब्युटरशी दर ठरलेला असेल तर तो वर्षभरात दोन-तीन टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. नव्या मालाच्या विक्रीचा अंदाज मात्र ३० टक्क्यांनी चुकणं अगदी सहज घडतं, आणि विक्री १,४०,००० वर राहिली तर एनपीव्ही उणे १३.५ लाख होतो.

म्हणूनच दोन्हींना सारखेच ‘अधिक-उणे १० टक्के’ लावून काढलेली आडव्या पट्ट्यांची आकृती दिशाभूल करते. आमच्या मते या चटणीत खरा धोका विक्रीत आहे, जरी आकृतीत दराची पट्टी लांब दिसली. दराचा पल्ला डिस्ट्रिब्युटरच्या अटी आणि स्पर्धकांचे भाव बघून ठरवा. विक्रीचा पल्ला किती दुकानांत माल जाईल आणि एका दुकानातून महिन्याला किती पाकिटं उठतील यावरून ठरवा. दोन लाख पाकिटं म्हणजे ७०० दुकानं आणि दर दुकानी महिन्याला सुमारे २४ पाकिटं. हा आकडा दुकानदारासमोर ठेवता येतो, टक्केवारी ठेवता येत नाही.

दोन्ही एकत्र बदलले तर तक्ता कसा दिसतो?

आकडे लाख रुपयांत, एनपीव्हीचे:

| वार्षिक पाकिटं | ₹५४ | ₹५७ | ₹६० | ₹६३ | ₹६६ |
|---|---|---|---|---|---|
| १,६०,००० | −२९.० | −१६.९ | −४.८ | ७.३ | १९.५ |
| १,८०,००० | −२३.४ | −९.७ | ३.९ | १७.५ | ३१.२ |
| २,००,००० | −१७.७ | −२.६ | १२.६ | २७.८ | ४२.९ |
| २,२०,००० | −१२.१ | ४.६ | २१.३ | ३८.० | ५४.६ |
| २,४०,००० | −६.४ | ११.८ | ३०.० | ४८.२ | ६६.४ |

₹५४ चा स्तंभ वरपासून खालपर्यंत उणे आहे. म्हणजे त्या दराला २० टक्के जास्त विक्रीही प्रकल्प वाचवू शकत नाही. ज्या स्तंभात विक्री कितीही वाढली तरी चिन्ह बदलत नाही, तो दर तुमच्यासाठी बंद दरवाजा आहे.

या तक्त्यातल्या कुठल्या चौकटी खऱ्या धरायच्या?

उजव्या खालच्या कोपऱ्यातले ६६.४ लाख बघून पुष्कळ जण खूश होतात. पण १० टक्के महाग पाकीट २० टक्के जास्त खपेल, हे क्वचितच होतं. दर आणि विक्री एकमेकांशी बांधलेले असतात: दर चढवला की विक्री उतरते, उतरवला की चढते. म्हणून वर उजवीकडून खाली डावीकडे जाणारी तिरकी ओळ वाचा.

दर ६० वरून ५७ केला तर १२.६ लाखांचा एनपीव्ही टिकवायला विक्री सुमारे २,४२,००० पाकिटं हवी, म्हणजे ५ टक्के सवलतीसाठी २१ टक्के जास्त विक्री. आता लाइनची क्षमता बघा. कुटण्याचा विभाग एका पाळीत दिवसाला १६० किलो काढतो असं धरा. ३०० दिवसांचे ४८,००० किलो, म्हणजे २,४०,००० पाकिटं. हवी असलेली विक्री यंत्रातून निघतच नाही. दुसरी पाळी लावली आणि तिचा स्थिर खर्च वर्षाला ५ लाख आला, तर एनपीव्हीतून १२.९ लाख जातात. दर उतरवून मिळवलेलं सगळं तिथेच संपतं.

उलट बाजूने, दर ६३ केला तर विक्री १,७०,००० पर्यंत, सुमारे १५ टक्क्यांनी घटली तरी एनपीव्ही १२.६ लाखच राहतो. पाच टक्के भाववाढीने पंधरा टक्के गिऱ्हाईक तुटेल का, हा प्रश्न बाजारात विचारण्यासारखा आहे. दोन तालुक्यांत दोन वेगळ्या दरांनी तीन महिने माल ठेवून त्याचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं.

‘दहावर एक मोफत’ योजना तक्त्यात कशी टाकायची?

पाकिटं ११ जातात, पैसे १० चे येतात. म्हणून दर ६० × १० ÷ ११ = ५४.५५ धरायचा आणि विक्रीत मोफत पाकिटंही मोजायची. योजनेमुळे पैसे देऊन घेतलेली पाकिटं दोन लाखच राहिली, तर गोदामातून २,२०,००० पाकिटं बाहेर पडतात. विक्री विभागाच्या अहवालात १० टक्के वाढ दिसते. एनपीव्ही मात्र १२.६ वरून उणे ९.० लाख होतो, कारण २०,००० पाकिटांचे प्रत्येकी ४२ रुपये दर वर्षी बुडतात. अहवालात विक्रीचे नग वाढलेले आणि बिलांची एकूण रक्कम तेवढीच दिसली, की हे घडतंय असं समजा.

एक्सेलमध्ये हा तक्ता कसा बनवायचा?

एकाच शीटवर B1 ते B9 मध्ये क्रमाने पाकिटं, दर, बदलता खर्च, स्थिर खर्च, गुंतवणूक, कर, डिस्काउंट रेट, खेळत्या भांडवलाची टक्केवारी आणि वर्षं टाका. रकमा पूर्ण रुपयांत लिहा. B11 मध्ये हे सूत्र:

```
=PV(B7,B9,-((B1*(B2-B3)-B4)*(1-B6)+B5/B9*B6))-B5-B8*B1*B2*(1-1/(1+B7)^B9)
```

उत्तर १२,५९,४८० च्या आसपास यायला हवं. मग A13 मध्ये `=B11` लिहा, B13 ते F13 मध्ये पाच दर आणि A14 ते A18 मध्ये पाच विक्री-आकडे हाताने टाका. A13 ते F18 निवडून Data, What-If Analysis, Data Table उघडा. Row input cell मध्ये B2 द्या, Column input cell मध्ये B1.

शून्य एनपीव्हीचा दर काढायला तिथेच Goal Seek आहे: Set cell B11, To value 0, By changing cell B2. उत्तर ५७.५१. पुढच्या कामाआधी B2 परत ६० करायला विसरू नका.

गूगल शीट्समध्ये Data Table नाही. तिथे वरच्याच सूत्रात B1 च्या जागी `$A14`, B2 च्या जागी `B$13` आणि बाकी सगळ्यांना `$B$3` अशा पद्धतीने डॉलर लावून ते B14 मध्ये लिहा आणि पंचवीस चौकटींत ओढा.

तक्ता चुकला हे कसं ओळखायचं?

पहिली तपासणी मधल्या चौकटीची. तिथे B11 चाच आकडा हवा. नसेल तर पुढचं काही वाचू नका.

पंचवीसही चौकटींत एकच आकडा दिसत असेल, तर गणन ‘डेटा टेबल वगळून आपोआप’ या सेटिंगवर असतं. F9 दाबा. तरीही तसंच राहिलं तर सूत्रात B1 आणि B2 या दोन्हींऐवजी थेट आकडे टाइप झालेले आहेत. सगळे आकडे कोटींत गेले तर Row आणि Column ची घरं उलटी दिली गेली आहेत, म्हणजे दराच्या जागी दोन लाख गेले. सगळ्यात फसवी चूक म्हणजे वरच्या ओळीत दर `=B2*0.9` असे जोडणं. तक्ता बनताना एक्सेल B2 मध्ये वेगवेगळे दर घालून बघतं, तेव्हा ती ओळही सोबत हलते आणि आकडे विश्वासार्ह दिसत असतानाच चुकतात.

वर्षागणिक रोकड मांडून `NPV` फंक्शन वापरत असाल, तर सुरुवातीची गुंतवणूक कंसाबाहेर ठेवा. हे फंक्शन पहिल्या आकड्यालाही एक वर्ष मागे आणतं, त्यामुळे ४० लाख आत घातले तर ते ३५.१ लाखच मोजले जातात.

पहिल्या वर्षापासूनच दोन लाख पाकिटं खपतील का?

बहुधा नाही. पहिल्या वर्षी एक लाखच खपली आणि पुढची चार वर्षं दोन लाख, तरी त्या एका वर्षाने एनपीव्हीतले ११.८ लाख जातात. जवळजवळ सगळी उशी संपते. म्हणून विक्री हा एकच आकडा न ठेवता पाच वर्षांचे पाच आकडे मांडा आणि तक्त्याच्या उभ्या अक्षावर ‘पूर्ण जोमातली विक्री’ ठेवा. पहिली दोन वर्षं तिच्या ठरावीक टक्क्यांनी जोडा. आम्हाला विचाराल तर वरच्या साध्या तक्त्यात करायची पहिली सुधारणा हीच.

सुट्या चटणीची विक्री घटली तर?

मग ती नव्या लाइनच्या नावावर टाकलीच पाहिजे. दर १०० पाकिटांतली १५ आपल्याच सुट्या चटणीच्या गिऱ्हाइकाने घेतली आणि तिथे २०० ग्रॅममागे ८ रुपये सुटत होते असं धरा. मग प्रत्येक पाकिटामागे १.२० रुपये वजा झाले, १८ चे १६.८० राहिले. एनपीव्ही ६.२ लाखांनी उतरतो, म्हणजे जवळपास निम्मा. सूत्रात बदलता खर्च ४३.२० केला की हा परिणाम पूर्ण तक्त्यात उतरतो.

तोट्याच्या चौकटींत कर उणे येतो, ते बरोबर आहे का?

कारखान्याचा दुसरा नफा असेल तर बरोबर, कारण या लाइनचा तोटा तिथे वळता होतो. लाइनसाठी वेगळी कंपनी काढली असेल तर नाही. १,६०,००० पाकिटं आणि ५४ रुपयांच्या चौकटीत वर्षाला १.२ लाखांचा कर ‘परत’ धरला गेला आहे. वेगळ्या कंपनीला तो त्या वर्षी मिळत नाही, म्हणून तिथला खरा एनपीव्ही −२९.० पेक्षाही खाली असतो.

शेंगदाण्याचा भाव तक्त्यात का नाही?

तक्त्यात दोनच चल बसतात. पण बदलता खर्च १ रुपयाने वाढला की एनपीव्ही ५.१५ लाखांनी उतरतो. पाकिटात १५० ग्रॅम शेंगदाणे असतील, तर किलोमागे सुमारे १६ रुपयांची भाववाढ पूर्ण १२.६ लाख खाऊन टाकते. शेंगदाणे महागले की स्पर्धकही दर वाढवतात, म्हणून फक्त खर्च वाढवून काढलेलं चित्र गरजेपेक्षा काळं येतं. B3 मध्ये आधी ४२, मग ४४, मग ४६ टाकून तोच तक्ता तीनदा छापा. खर्च ४४ वर गेला तर मधल्या चौकटीत २.३ लाख उरतात, ४६ वर गेला तर ती उणे ८.० होते. तेव्हा शून्यावर यायला दर ६१.५८ लागतो. तेवढा दर डिस्ट्रिब्युटर मान्य करेल का, हे यंत्राची ऑर्डर देण्याआधी त्याच्याकडून लेखी घ्या.